चोपन्न टक्के जुळणारी बाई

"आहे म्हणतंय. आधीच आहे म्हणतंय. अरे, आहे तर मग कुणाला दिसत का नाही?"

काचेच्या पार्टिशनपलीकडून ही कुरकुर आली तेव्हा मालिनी डब्यातल्या भेंडीत उगाच चमचा फिरवत होती. पलीकडे नंदकुमार उंबरकर बसले होते. स्टोअरचे मुख्य. गोडाऊनमधलं नेटवर्क सकाळपासून मेलं होतं, म्हणून लॅपटॉप काखोटीला मारून ते एचआरच्या दारातल्या टेबलाशी ठाण मांडून होते. नंदकुमारांची एक सवय साऱ्या कारखान्याला ठाऊक होती. ते मशीनशी बोलत, आणि मशीनने उत्तर दिल्यासारखे चिडत.

"काय झालं, भाऊ?" मालिनीने पार्टिशनवरून डोकं काढून विचारलं.

"काही नाही. तुमचं पोर्टल मला खोटं पाडतंय."

लखनौजवळ चिनहटच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना दवाखान्यांना लागणाऱ्या पट्ट्या, कापूस आणि ऑपरेशनची निर्जंतुक किट्स बनवायचा. माणसं निवडायचं काम मालिनीकडे. नवी जागा निघाली की कंपनीतल्या कुणीही आपल्या माहितीतल्या माणसाचं नाव पोर्टलवर सुचवायचं, त्याला रेफरल म्हणत. त्या दिवसांत खरेदी विभागात एक जागा निघाली होती. खोकी, पिशव्या, लेबलं असं पॅकिंगचं सामान विकत घेणारं माणूस हवं होतं. नंदकुमार तिथेच कुणाचं तरी नाव टाकायला बसले होते, आणि पोर्टल म्हणत होतं, 'हा उमेदवार आधीच नोंदलेला आहे.'

"म्हणजे त्यांनी स्वतःहून अर्ज केलाय," मालिनी म्हणाली. "सहा महिन्यांच्या आत स्वतः अर्ज केला असला की रेफरल लागत नाही. नाहीतर लोक आलेल्याच अर्जांवर आपली नावं चिकटवतील आणि बोनस मागतील."

"बोनस नको मला."

"बरं. नाव काय?"

नंदकुमारांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"स्वप्ना खांबेटे."

मालिनीचा चमचा डब्यातच राहिला.

लखनौतली मराठी माणसं म्हणजे एका सतरंजीवर मावतील एवढी नसली, तरी दोन सतरंज्यांवर नक्की मावतील. कोण कुणाशी बोलतं आणि कोण बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत. गणपतीत आरतीला खांबेटे डावीकडे उभे राहिले की उंबरकर उजवीकडे जायचे. पंगतीत वाढणारे न सांगता दोन घरांच्या मध्ये कुणीतरी बसवायचे. दोनदा ती जागा मालिनीच्याच वाट्याला आली होती. कारण एवढंच कानावर होतं, की पूर्वी नंदकुमार खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत विक्रीला होते, स्वप्ना एका औषधाच्या छोट्या कंपनीत होत्या, आणि तिथे काहीतरी बिनसलं. नंदकुमारांची नोकरी गेली. "बाई फार खडूस," असं मराठी मंडळात लोक म्हणायचे. कुणी पहिल्यांदा म्हटलं, ते कुणाला आठवत नव्हतं.

"स्वप्नावहिनींचं नाव? तुम्ही?"

"त्यांची कंपनी हिवाळ्यात बंद झाली. मालक गेले, मुलांना धंदा नको होता. गीता सांगत होती." गीता म्हणजे त्यांची बायको. ती सगळ्यांशी बोलायची, दोन्ही बाजूंच्या सतरंज्यांवर. "तेव्हापासून अर्ज करतायत. कुठूनही फोन नाही. हळदीकुंकवात म्हणाल्या म्हणे, की चौदा वर्षं केलं ते बहुतेक काम नव्हतंच."

हे शेवटचं वाक्य त्यांनी लॅपटॉपकडे बघत म्हटलं. मालिनीने डबा बंद केला.

स्वप्नाताईंचा अर्ज होता. शोधल्यावर सापडला. अर्ज आला की पोर्टल तो जाहिरातीतल्या मजकुराशी ताडून बघे. पदाचं नाव, शिक्षण, कोणती सॉफ्टवेअर्स येतात, कितपत अलीकडचा अनुभव. मग टक्के देई. या जागेला तीनशेच्या वर अर्ज आले होते. मालिनी सत्तरच्या वरून वाचायला सुरुवात करी आणि मुलाखतीपुरते लोक मिळाले की थांबे. खालचे अर्ज कुणी नाकारत नसे. त्यांच्यापर्यंत कुणी पोचत नसे, एवढंच. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला यातला फरक कळायचं कारण नाही.

स्वप्ना खांबेटे यांना पोर्टलने चोपन्न दिले होते.

मालिनीने बायोडेटा उघडला. एक पान. अक्षर मोठं, बहुतेक नवऱ्याच्या प्रिंटरवर काढून बघितलेलं. पद: ऑफिस असिस्टंट. पहिल्या वर्षी ऑफिस असिस्टंट आणि चौदाव्या वर्षीही ऑफिस असिस्टंट. खाली तीन ओळी. 'येणाऱ्या मालाची तपासणी. पुरवठादारांशी पत्रव्यवहार. कार्यालयीन इतर कामे.' कंपनीला हवं असलेलं खरेदीचं सॉफ्टवेअर, शून्य. खरेदी हा शब्द, शून्य. तिने स्वतः एवढंच वाचलं असतं, तर तिच्या डोळ्यांसमोर फायली लावणारी, चहाचा हिशेब ठेवणारी, साहेबांचे फोन घेणारी बाई आली असती. आणि ती पुढच्या अर्जाकडे गेली असती. चोपन्न काही चूक नव्हते. कागद जेवढा होता, तेवढ्याचेच ते मार्क होते.

"भाऊ, रेफरल नाही घेता येणार. पण तुम्ही मला लेखी शिफारस देऊ शकता. मी ती त्यांच्या अर्जाला जोडीन. बोनस नाही, आणि मुलाखतीत तुम्ही कुठेच असणार नाही. मार्कही बदलणार नाहीत."

"मग बदलणार काय?"

"मी वाचीन," मालिनी म्हणाली. "आणि मग खरेदीचे रिझवी साहेब वाचतील."

नंदकुमारांनी मान हलवली. "आणखी एक करा. माझं नाव त्यांना सांगू नका. कळलं तर त्या येणारच नाहीत."

मालिनीच्या हातून आजवर शेकडो शिफारशी गेल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक एकाच साच्यातल्या. 'मेहनती आहे, होतकरू आहे, घर चांगलं आहे.' मेहुण्याची, भाच्याची, शेजाऱ्याच्या जावयाची. अशा शिफारशीतून उमेदवाराबद्दल काही कळत नाही, लिहिणाऱ्याच्या घरात दबाव कुणाचा आहे ते मात्र नेमकं कळतं. नंदकुमारांचा मेल तासाभराने आला, तेव्हा तिने तो त्याच तयारीने उघडला.

'स्वप्ना खांबेटे यांच्याशी माझं नातं नाही. घरोबा नाही. मी खोकी विकत होतो, त्या विकत घेत होत्या. कागदावर त्या असिस्टंट होत्या, पण त्या कंपनीत खोकी, बाटल्या, झाकणं सगळं त्यांच्याच सहीने आत यायचं. गाडी आली की त्या वरचं खोकं कधी घेत नसत. मजुरांकडून थप्पी उतरवून मधलं काढायला लावत, वजन करत, हात घालून बघत. मला चहा देत. चहा झाल्यावर गाडी परत पाठवत. माझा माल त्यांनी तीनदा परत पाठवला. मी गोड बोलून पाहिलं, त्यांच्या मालकाकडून फोन करवला, मंडळातली ओळख काढली. त्या बधल्या नाहीत. एक दोषही लिहितो. कॉम्प्युटरवर त्यांचा हात चालत नाही, आणि नाही म्हणताना त्या हसत नाहीत. त्यामुळे समोरच्याला जास्त लागतं.'

मालिनीने मेल दोनदा वाचला. मग पुन्हा ते एक पान उघडलं. 'येणाऱ्या मालाची तपासणी.' मघाशी याच तीन शब्दांत तिला काही दिसलं नव्हतं. आता त्यांत एक गाडी उभी होती, मजूर कपाळाला आठ्या घालून थप्पी उतरवत होते, आणि एक बाई मधल्या खोक्यात मनगटापर्यंत हात घालून उभी होती. कागद तोच, अक्षर तेच.

याचीच तिला थोडी धास्तीही वाटली. आपण ओळ वाचतोय की नंदकुमारांना वाचतोय? कुणीतरी कानात सांगितलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं, हे तिला या कामाच्या बारा वर्षांत पुरेपूर कळलं होतं. म्हणून ती उठून गोडाऊनपर्यंत गेली. नंदकुमार गॉजच्या रोलांची गाडी उतरवून घेत होते.

"भाऊ, एकच विचारते. ते जे तीनदा परत पाठवलं, तो माल खराब होता का?"

"तुम्हाला त्या बाईंबद्दल हवंय ना?" ते यादीवरून नजर न काढता म्हणाले. "मालाबद्दल कुठे हवंय."

आणि मजुराला मोठ्याने म्हणाले, "भैया, ऊपर वाला नहीं, बीच वाला निकालो."

मालिनी परत फिरली.

संध्याकाळी इंदिरा नगरच्या घरी भाजी निवडताना तिने जुईपुढे विषय काढला. जुई बावीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र यायचं ते हिंदीत.

"समज, दोघांचे मार्क सारखे. एकाच्या पाठीशी कुणीतरी आहे, दुसऱ्याच्या नाही."

"मम्मी, रेफ़रल के बिना तो कोई रेज़्यूमे खोलता ही नहीं. हमारे बैच में सबको पता है."

"सबको पता है, पण मलाच पता नव्हतं वाटतं. मीच तर उघडते."

"वही तो." जुईने मटाराचा एक दाणा तोंडात टाकला. "आप ही तो नहीं खोलतीं."

मधुसूदन, मालिनीचा नवरा, बँकेत होता आणि घरी आल्यावर कमी बोलायचा. तो पेपरामागून एवढंच म्हणाला, "तुला तरी कोणी उघडलं होतं?"

मालिनीला हसू आलं. तिला उघडलं होतं निशातगंजच्या टायपिंग क्लासच्या बाईंनी. बी.ए. अर्धवट, अनुभव शून्य, इंग्रजी पुस्तकं वाचून वाचून शिकलेलं. बाईंनी एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, "ही मुलगी चुका स्वतः शोधते, मला दाखवावी लागत नाही." त्या एका वाक्यावर तिचं आयुष्य उभं होतं. बाई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना तिने तेव्हा पेढे दिले होते. आभार मानल्याचं तिला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन गोष्टी केल्या. पहिली कुणी सांगितलेली नव्हती. सत्तरच्या खालच्या ढिगात उतरून तिने असे अर्ज शोधले, ज्यांत पद छोटं होतं आणि कामाच्या ओळीत माल, तपासणी, पुरवठादार असं काही होतं. ज्यांना नंदकुमार नव्हता, त्यांचं काय? त्यात एक सीतापूर रोडवरचा माणूस सापडला. पद 'मुन्शी', म्हणजे कारकून, मार्क एकोणपन्नास. त्यालाही तिने यादीत घेतलं. सगळा ढीग काही वाचून झाला नाही. होणारही नव्हता. पण एक तरी खिडकी उघडली, एवढं समाधान तिने स्वतःला दिलं आणि रिझवी साहेबांच्या केबिनचं दार ठोठावलं.

रिझवी साहेब खरेदीचे मुख्य. पिढ्यान् पिढ्यांचे लखनौचे. कुणाला नकार द्यायचा असला, तरी आधी 'तशरीफ़ रखिए' म्हणणारे. त्यांनी मुलाखतीची यादी बघितली आणि चोपन्नवर बोट ठेवलं.

"मालिनीजी, ये क्या है?"

"सोबतची चिठ्ठी वाचा, सर." मालिनी त्यांच्याशी हिंदीतच बोले. तिने मेलचं हिंदीत करून ठेवलेलं भाषांतर पुढे सरकवलं.

त्यांनी वाचलं. भुवया वर गेल्या.

"आप मराठी, उंबरकर मराठी, ये मोहतरमा भी मराठी. लोग कहेंगे, महाराष्ट्र बसा रहे हैं."

मालिनीने हे गृहीतच धरलं होतं. "म्हणून तर आधी दाखवतेय. मी त्यांना मंडळात बघितलंय, एवढीच ओळख, ती मी लिहून दिलीय. मुलाखतीचे मार्क तुम्ही आणि क्वालिटीवाले द्या. मी फक्त बसेन."

रिझवी साहेबांनी चिठ्ठी पुन्हा उचलली. "लेकिन इन्होंने तो उंबरकर का ही माल लौटाया था. तीन बार." ते हळूच हसले. "जो अपने वालों का माल लौटा दे, उसे तो बुलाना पड़ेगा. बुलाइए."

फोनवर स्वप्नाताईंचा आवाज सावध होता. मालिनीने दिवस सांगितला, वेळ सांगितली.

"मालिनीताई, मी खूप ठिकाणी अर्ज केलेत. कुठूनच काही आलं नाही. मग इथूनच कसं?"

"आम्ही खालचे काही अर्जही बघतोय या वेळी." हे खरं होतं. पूर्ण नव्हतं.

"कुणी सांगितलं नाही ना? मला ओळखीनं नकोय. त्या धास्तीनंच तर मी कुणाला न विचारता अर्ज टाकला."

म्हणजे नंदकुमारांचं रेफरल अडलं ते यामुळे. ओळख नको म्हणून बाईंनी घाईने स्वतः अर्ज टाकला, आणि तसा टाकल्यामुळेच तो ढिगात तळाला गेला. मालिनीला हसावं की हळहळावं कळेना. ती म्हणाली, "तुम्ही या तर."

मुलाखतीला स्वप्नाताई फिकट जांभळ्या साडीत आल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मुलाखत हिंदीतच होती. पहिली दहा मिनिटं वाईट गेली. रिझवी साहेबांनी सॉफ्टवेअरचं विचारलं, त्या म्हणाल्या, "येत नाही." एक्सेलचं विचारलं, "बेरीज येते. बाकी मुलगा करून देतो." क्वालिटीवाल्या तरुणाने वहीत काहीतरी लिहिलं. मालिनीला वाटलं, चोपन्नसुद्धा जास्तच दिले की काय.

मग सगळ्यांना दिलं होतं तेच काम त्यांनाही दिलं. टेबलावर तीन पुरवठादारांची खोकी आणि तीन दरपत्रकं. कोणाचं घ्याल, का घ्याल, सांगा.

स्वप्नाताईंनी पर्स खुर्चीवर ठेवली. आल्यापासून पहिल्यांदा त्यांचे हात मोकळे झाले. दरपत्रकं त्यांनी वाचली, पण नंतर. आधी खोकी. एकेकाची कड दोन बोटांनी दाबली, आतून नखाने कागद खरवडला, नाकाशी नेलं. मग विचारलं, "हे सामान पावसाळ्यात कुठे राहणार? जमिनीवर की फळ्यांवर?"

"फळ्यांवर," रिझवी साहेब म्हणाले.

"मग हे मधलं. जमिनीवर असतं तर हे महागाचं म्हटलं असतं. हे स्वस्तातलं कुठेच नको." मग त्या म्हणाल्या, "पण मधल्यालाही पहिली ऑर्डर छोटी द्यावी. नमुना सगळेच चांगला पाठवतात."

एकदाही न हसता त्यांनी हे सांगितलं. नंदकुमारांनी लिहिलेला दोष मालिनीला समोर दिसला, आणि का कोण जाणे, तो फार आवडला.

उत्तरं इतरांचीही बरी होती. एका मुलाचं सॉफ्टवेअर स्वप्नाताईंपेक्षा दसपट चांगलं होतं. सीतापूर रोडच्या मुन्शींनीही खोकी ठोकून बघितली, पण त्यांना खरेदीपेक्षा गोडाऊन आवडायचं, तसं ते स्वतःच म्हणाले. पुढे स्टोअरमध्ये जागा निघेल तेव्हासाठी रिझवी साहेबांनी त्यांचा नंबर मागून घेतला. दोन दिवस चर्चा चालली. क्वालिटीवाला म्हणाला, "सर, सिस्टम में चौवन है." रिझवी साहेब म्हणाले, "सिस्टम ने झूठ नहीं कहा, बेटा. सॉफ़्टवेयर नहीं आता, नहीं आता. लेकिन वो मैं छह महीने में सिखा सकता हूँ. ये डिब्बे में हाथ डालना, ये कौन सिखाएगा?" सहा महिन्यांचं प्रोबेशन, त्यात सॉफ्टवेअर शिकायची अट. मार्क पहिल्या नंबराचे नव्हते, पण पहिल्या तिघांत होते, आणि विभागाला कोण हवं ते विभागप्रमुखांनी ठरवलं.

मालिनीने ऑफर पाठवली तेव्हा स्वप्नाताईंनी फोन केला. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाल्या, "चंद्रहासना सांगते," आणि ठेवून दिला. चंद्रहास म्हणजे त्यांचे यजमान, संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. त्यांनी मात्र अर्ध्या तासाने स्वतः फोन करून मालिनीचे एवढ्या सभ्यपणे आणि इतका वेळ आभार मानले, की तिला खुर्चीत अवघडल्यासारखं झालं. हे आभार चुकीच्या पत्त्यावर आले होते. बरोबर पत्ता तिच्या जिभेवर होता, पण तिने शब्द दिला होता.

रुजू होण्याच्या दिवशी नव्या माणसाला सगळे विभाग दाखवायची रीत होती. मालिनी स्वप्नाताईंना घेऊन निघाली. पॅकिंग, क्वालिटी, अकाउंट्स, कॅन्टीन. स्टोअर तिने शेवटी ठेवलं. कॅन्टीनमध्ये रिझवी साहेब भेटले. स्वप्नाताईंनी त्यांना नमस्कार केला आणि सरळच विचारलं, "सर, एक बताइए. मेरा नाम किसने दिया था?"

"चाय पीजिए, चाय. यहाँ की चाय बहुत बुरी है, आदत डालनी पड़ेगी," असं म्हणत रिझवी साहेब कपासकट गायब झाले.

"तुम्हीही सांगणार नाही," स्वप्नाताई मालिनीला म्हणाल्या.

"स्टोअर बघायचंय ना?" मालिनी म्हणाली.

गोडाऊनच्या दाराशी पोचल्यावर स्वप्नाताई थांबल्या. आत नंदकुमार उभे होते. त्यांनाही माहीत होतं, आज कोण येणार. शर्ट इस्त्रीचा होता. एरवी नसायचा.

"इथे तुम्ही असता, ते ठाऊक होतं मला," स्वप्नाताई म्हणाल्या. नेहमीसारख्याच, न हसता. "वाटलं होतं, तुम्ही आडकाठी कराल. नाही केलीत, त्याबद्दल आभारी आहे."

नंदकुमारांनी मालिनीकडे पाहिलं. मालिनी भिंतीवरच्या आग विझवायच्या सूचना वाचू लागली. त्या तिनेच लावलेल्या होत्या.

"बसा, वहिनी," नंदकुमार म्हणाले. "चहा मागवतो."

"तुम्ही मला चहा देणार?"

"तुम्ही दर वेळी द्यायचात." ते टेबलावरचं पेन उगाच इकडचं तिकडे करू लागले. "नाव मी सुचवलं होतं. ह्यांना सांगितलं होतं, बोलू नका म्हणून."

स्वप्नाताईंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. फक्त त्या बसल्या. मालिनीला वाटलं, आता उठतील आणि पर्स घेऊन फाटकाबाहेर जातील. ओळखीनं नको म्हणाल्या होत्या.

"का?" त्यांनी विचारलं. "माझ्यामुळे तुमची नोकरी गेली होती. पुढे किती दिवस घरी होतात. गीतावहिनी तेव्हा शिवणकाम करायच्या. मला सगळं ठाऊक आहे. मंडळात लोक मला काय म्हणतात, तेही ठाऊक आहे."

"आणि तुम्ही कधी काही बोलला नाहीत."

"काय बोलणार?"

"जे खरं होतं ते." नंदकुमारांचा आवाज खाली गेला. "एक वाक्य बोलला असतात मंडळात, तर मला या गावात कुणी दारात उभं केलं नसतं. इथेसुद्धा घेतलं नसतं. इथे मला घेतलं ते खांडेकरांच्या शब्दावर, आणि खांडेकर मंडळातलेच. तुम्ही खडूस झालात आणि गप्प बसलात. मी चांगला राहिलो आणि बोलत राहिलो."

बाहेर गाडी लागल्याचा हॉर्न झाला. कुणीतरी आतून ओरडलं, "साहब, उतरवाएँ?" नंदकुमारांनी हाताने थांबायची खूण केली.

मालिनीला त्या क्षणी टायपिंगच्या बाईंना दिलेले पेढे आठवले. डबा कागदाचा होता, तुपाने कोपरा पारदर्शक झालेला. तिने सूचना वाचणं थांबवलं.

स्वप्नाताईंनी पर्स टेबलावर ठेवली. हात मोकळे केले. चहा आला, तेव्हा त्यांनी एक कप उचलून नंदकुमारांच्या पुढे सरकवला, जसा त्या कधीकाळी सरकवत असतील.

"घ्या," त्या म्हणाल्या. "गाडी थांबलीय तुमची."

नंदकुमारांनी कप धरला, पण प्यायले नाहीत. इतक्या वर्षांत मंडळाच्या पंगतीत, हळदीकुंकवात, आरतीच्या दोन बाजूंना उभं राहून सगळ्यांनी जे टाळलं होतं, आणि त्यांनी तर सगळ्यांत जास्त टाळलं होतं, ते त्यांनी कपाकडे बघत सांगितलं.

"माल ओलाच होता, वहिनी. तिन्ही वेळा."